ओटीपी मी कोणालाही सांगितला नव्हता

मा. संपादक महोदय, स.न.वि.वि.

कालच्या अंकात आपण ‘अनोळखी माणसाला फोन देऊ नका’ ही बातमी छापलीत, त्याबद्दल आभार. मात्र तिच्यातले ‘भोळे नागरिक आपला ओटीपी सांगून बसतात’ हे वाक्य वाचून मला रात्रभर चैन पडली नाही. मी त्या भोळ्यांपैकीच एक आहे आणि ओटीपी मी कोणालाही सांगितलेला नव्हता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी धुळ्याच्या बसस्थानकावर अमळनेरच्या गाडीची वाट पाहत होतो. पाठीवर सॅक असलेला एक तरुण जवळ येऊन म्हणाला, “काका, मना मोबाईल बंद पडना, घर एक फोन लावू द्या ना.” अहिराणी कानावर पडली की आमच्याकडचा माणूस पाघळतो, आणि ते त्यालाही ठाऊक असावे. त्याने एक क्रमांक लावला, अर्धा मिनिट खरोखर बोलला, मग “आवाज कटना” म्हणत पुन्हा काहीतरी दाबले, फोन कानाला लावून दोन क्षण थांबला, “लागत नही” म्हणाला आणि पाया पडून निघून गेला.

पहिल्या फोनने माझा क्रमांक त्याच्या साथीदाराच्या पडद्यावर उमटला. दुसरा फोन हा फोन नव्हताच. त्याने *401* दाबून त्यापुढे साथीदाराचा दहा आकडी क्रमांक लावला होता. त्यामुळे मला येणारा प्रत्येक कॉल माझ्याकडे न वाजता तिकडे वळू लागला. साथीदाराने आपल्या फोनवर माझ्या क्रमांकाचे व्हॉट्सॲप सुरू करायला घेतले. सहा आकडी कोडचा संदेश माझ्याकडेच आला, कारण फॉरवर्डिंगने केवळ कॉल वळतात, एसएमएस वळत नाहीत. पण तो मी नेहमीची कटकट समजून सोडून दिला. मग त्याने कोड फोनवरून ऐकण्याचा पर्याय निवडला, आणि तो यांत्रिक आवाज माझ्याऐवजी त्याच्या कानात सहा आकडे वाचून मोकळा झाला. यात मी नेमके काय ‘सांगून बसलो’, हे आपल्या वार्ताहराने कळवावे.

माझे कृषी केंद्र आहे. दोनेकशे शेतकरी माझ्या गटात आहेत. गाडी अमळनेरला पोहोचायच्या आत त्यांना माझ्या नावाने संदेश गेले की दवाखान्यात अडकलो आहे, आठ हजार पाठवा, संध्याकाळी देतो. एका हरभरेवाल्याने शंका न घेता पाठवले, कारण उधारी मी त्याला देतो आणि माझी अडचण त्याला प्रथमच दिसली. ते पैसे मी माझ्या खिशातून भरले. तक्रार द्यायला गेलो तिथेही पहिला प्रश्न हाच, “ओटीपी कोणाला दिला?”

उलगडा झाला तो भाच्यामुळे. घरून पत्नीने दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा कोणी परक्याने उचलून कापला, हे ऐकताच त्याने माझ्या फोनवर *#21# दाबले, तर पडद्यावर परका क्रमांक. मग ##002# दाबून सगळे फॉरवर्डिंग काढले आणि एसएमएसने आलेला कोड टाकला. तेवढ्याने चोर माझ्या खात्यातून बाहेर पडला. पण त्याने आधीच दोन टप्प्यांच्या पडताळणीचा स्वतःचा पिन बसवून ठेवल्यामुळे मला सात दिवस दाराबाहेर ताटकळावे लागले. हाच पिन मी आधी बसवला असता, तर कॉलवर कोड ऐकूनही त्याला आत शिरता आले नसते. हे एक वाक्य आपल्या अर्ध्या पानाच्या बातमीत मावले नाही.

असे आकडे दाबून होणारे फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून स्थगित ठेवण्याचा आदेश दूरसंचार विभागाने कंपन्यांना दिला होता, त्याचाही उल्लेख नाही. अर्थात त्यावर विसंबून फोन हाती देण्यात अर्थ नाही, कारण फॉरवर्डिंगची जागा फोनच्या सेटिंग्जमध्येही असते.

‘फोन देऊ नका’ हे लिहिणे सोपे आहे. बसस्थानकावर रडवेली पोर समोर उभी राहिली तर मी तरी नाही म्हणणार नाही. मात्र आता क्रमांक मी तिच्याकडून ऐकून स्वतः लावतो, स्पीकर सुरू करतो आणि फोन माझ्याच हातात ठेवतो. घरच्या मोबाईल क्रमांकाची सुरुवात तारा किंवा हॅशने होत नसते. तसे काही कोणी सांगू लागले, तर मी बटणाला हात लावत नाही.

जाता जाता एक. पैसे गेल्यास तातडीने लावायचा १९३० हा क्रमांक आपण बातमीच्या तळाशी इतक्या बारीक टाइपात छापला आहे की तो मला भिंगाने वाचावा लागला. शेजारची प्लॉटविक्रीची जाहिरात मात्र चष्म्याशिवाय दिसते. आणि मागील महिन्यातल्या माझ्या पत्रातला अर्धा मजकूर आपण गाळला होता, तसे या वेळी गाळायचेच असेल तर निदान आकडे ठेवावेत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, अमळनेर (जि. जळगाव)