शिट्ट्या नकोत, मिनिटं मोजा

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई परवा म्हणाली, की घरात माणसं भरलेली असताना सिलिंडर जितका पुरायचा, त्याहून फारसा जास्त आता दोघांनाही पुरत नाही. हे फोनवर बोलण्याऐवजी लिहून पाठवतेय, कारण फोनवर बाबांना आकडे नीट ऐकू येत नाहीत आणि आकडे आले की आई विषय बदलते.

आधी एक काम करा. रेग्युलेटरला, नळीच्या दोन्ही टोकांना आणि शेगडीच्या बटणांपाशी साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगत राहिले तर गॅस गळतोय; रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि माणसाला बोलवा. काडी पेटवून बघायची नाही, हे बाबांना वेगळं सांगते. गळती नसेल, तर गॅस शिजवण्यातच जास्त जातोय.

आणि माझ्या मते तो वाफेत जातोय. पाणी एकदा उकळलं की उघड्या भांड्यात त्याचं तापमान शंभर अंशांच्या आसपासच राहतं, आच कितीही वाढवली तरी. मोठ्या आचेने पदार्थ लवकर शिजत नाही, फक्त पाणी लवकर आटतं. बाबा, आकडा तुमच्यासाठी: साधारण २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सातपट उष्णता तेच लिटरभर पाणी पूर्ण वाफ व्हायला लागते. शेगडीची निम्मी उष्णता भांड्यात पोहोचते असं धरलं, तर उकळी आणायला १२-१४ ग्रॅम गॅस आणि ते पाणी आटवायला ९०-१०० ग्रॅम. म्हणून उकळी आली की झाकण घाला आणि आच इतकी उतरवा, की कडेने बारीक बुडबुडे येत राहतील. भाज्या, कडधान्यं, बटाटे सगळं तितक्यावर शिजतं. झाकणावर वाटीभर पाणी ठेवायची आईची सवय उत्तम आहे; उतू जात नाही आणि कमी पडलं तर तेच गरम पाणी आत घालता येतं.

आता छोल्यांचं घ्या, कारण आई ते अजूनही पातेल्यात, कुकरची भीती म्हणून उघडेच शिजवते. वाटीभर छोले, न भिजवता, मोठ्या आचेवर दीड तास. मध्ये दोन-तीनदा पाणी घालायचं. म्हणजे दीडेक लिटर पाणी वाफ होऊन जातं. ढोबळ हिशेबाने एवढ्यासाठी दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस. तेच छोले रात्रभर भिजवले आणि लहान कुकरमध्ये दाणे बुडून बोटभर वर येईल एवढंच पाणी घातलं, तर दाब येईपर्यंत मोठी आच, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं आणि गॅस बंद. पुढचं काम आत राहिलेला दाब करतो. हे सगळं मिळून चाळीसेक ग्रॅममध्ये होतं. कुकरच्या आत पाणी १२० अंशांच्या जवळ जातं, त्यामुळे वेळ वाचतो. वाफ बाहेर जात नाही, हा दुसरा फायदा.

पण ही बचत शिट्ट्यांमध्ये उधळली जाते. शिट्टी म्हणजे जादा झालेली वाफ बाहेर टाकणं; ती झाल्याने आत काही जास्त शिजत नाही. पहिली शिट्टी आली की आच सर्वांत बारीक करा आणि घड्याळ बघा. वजनाभोवती अधूनमधून हलकी फुसफुस होत असेल तर दाब टिकलाय असं समजा. सारख्या शिट्ट्या येत असतील तर आच अजून मोठी आहे. नुसत्या डाळीला मंद आचेवर सात-आठ मिनिटं पुरतात. तुमच्याकडच्या पाण्याने आणि डाळीच्या जुनेपणाने यात फरक पडेल; पहिल्या आठवड्यात काय लागतं ते आईने लिहून ठेवावं. पाण्यात क्षार जास्त असतील तर डाळी हट्टी असतात. त्यावर सोडा घालण्यापेक्षा भिजवणं बरं, कारण सोड्याने ब जीवनसत्त्व कमी होतं.

पहिली शिट्टीच येत नसेल आणि झाकणाच्या कडेने वाफ निघत असेल तर रबराची रिंग कडक झालीय, बदला. दर वेळी वजन काढून भोकातून आरपार उजेड दिसतो का तेही बघा. आईची भीती खरी तर इथे लागू आहे: भोक तुंबलेला कुकर धोक्याचा असतो, स्वच्छ असलेला नाही. आणि दाब पूर्ण उतरल्याशिवाय झाकण उघडायची घाई नको.

मोठा कुकर मात्र आता वर ठेवून द्या. दोघांच्या मूठभर डाळीसाठी तो जाडजूड धातू तापवायलाच लिटरभर पाण्याला उकळी येईल जवळपास इतका गॅस जातो, आणि तो उचलताना बाबांची कंबर धरते ते वेगळंच. तीन लिटरचा लहान कुकर घ्या. त्यात खाली डाळ, वर डब्यात भात, कडेला बटाटा एकदमच लावता येतो. तीन गोष्टींना एकाच तापण्याचा खर्च.

ज्योतीकडेही बघा. ती निळी, टोकदार आणि भांड्याच्या बुडाखालीच राहिली पाहिजे. भांड्याच्या बाजूने वर चढत असेल तर तेवढी स्वयंपाकघर तापवतेय. लहान भांडं लहान बर्नरवर ठेवा. ज्योत पिवळी झाली किंवा बुडाला काजळी धरू लागली तर बर्नरची भोकं भरली आहेत. बर्नर थंड झाल्यावर काढून साबणाच्या पाण्यात घासा, भोकं टाचणीने मोकळी करा, पूर्ण वाळवूनच परत बसवा. तरी पिवळीच राहिली तर गॅसमध्ये मिसळणाऱ्या हवेचं प्रमाण बिघडलंय, ते काम मिस्त्रीचं. वाऱ्याने ज्योत फडफडते म्हणून आई खिडकी लावून घेते, तसं करू नका. शेगडी वाऱ्याच्या झोतातून बाजूला सरकवा, पण हवा खेळती हवीच.

बाबांच्या चहाबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण चार वेळा अर्धं पातेलं पाणी उकळून दोन कप घ्यायचे हे काही बरोबर नाही. कपाने मोजून पाणी ठेवा, किंवा सकाळी एकदा उकळून थर्मासमध्ये भरा. फक्त राजमा थर्मासमध्ये किंवा उबेवर शिजवायचा प्रयोग करू नका. तो भिजवून, ते पाणी टाकून, खळखळ उकळावाच लागतो, नाहीतर त्यातलं विष तसंच राहतं आणि उलट्या होतात.

शेवटचा थोडा गॅस मिळावा म्हणून सिलिंडर आडवा करणं किंवा गरम पाण्यात ठेवणं अजिबात नको; आडव्या सिलिंडरमधून द्रवरूप गॅस थेट नळीत उतरू शकतो. बाबा, नवा लावाल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. थंडीत पाणी गारच असतं, तेव्हा तो थोडा लवकर संपेल. म्हणून थंडीच्या सिलिंडरची तुलना उन्हाळ्याच्या सिलिंडरशी करू नका, मागच्या थंडीशी करा.

लहान कुकर मी पाठवते. रिंग दोन टाकलेल्या असतील, एक जपून ठेवा.

तुमची,
लेक