पावती माझी, चूक त्यांची, कर पुन्हा माझाच

माननीय केंद्रीय अर्थमंत्री,
सप्रेम नमस्कार.

मी ठाण्यात नौपाड्यात राहतो, निवृत्त आहे. आईच्या वर्षश्राद्धाला इथल्याच एका ट्रस्टला २१,००० रुपये दिले. त्यांतले १६,००० यूपीआयने दिले आणि घरात होते ते ५,००० रोख. गुलाबी पावती मिळाली. तिच्यावर रेव्हेन्यू स्टॅम्प, सही, देणगीदाराला करात सूट देणाऱ्या ८०जी कलमाचा नंबर, सगळं होतं. जुन्या करप्रणालीत रिटर्न भरून मी निम्म्या रकमेची, म्हणजे १०,५०० ची सूट मागितली. परवा तुमच्या खात्याची सूचना आली, सूट नामंजूर. माझ्या २० टक्क्यांच्या हिशेबाने सेससकट २,१८४ रुपये भरा, वर व्याज.

पाच हजारांचं मान्य. रोख २,००० च्या वर गेली की सूट शून्य, त्यातल्या दोन हजारांचीही नाही. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पावती फाडणाऱ्यालाही नव्हतं.

पण सोळा हजारांचं काय? भिंग घेऊन पावती वाचली. १२एचा नंबर ठळक, पण तो ट्रस्टच्या स्वतःच्या करमाफीचा, मला त्याचा उपयोग नाही. खाली ८०जीचा आदेश २००९ चा, शेजारी 'कायमस्वरूपी'. तुम्हीच तर २०२१ पासून हे कायमस्वरूपी मोडीत काढलंत! आता नव्याने नोंदणी, तीही पाच वर्षांची, तात्पुरती असेल तर तीन. देणगीच्या तारखेला ती चालू हवी. ट्रस्टने ती केली होती, फक्त जुनी पावतीपुस्तकं संपवत होते. काटकसर!

मग अडलं कुठे? नुसती पावती आता चालतच नाही. ट्रस्टने ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडीत माझं नाव, पॅन, रक्कम आणि पैसे कसे दिले ते भरायचं, मग मला १०बीई प्रमाणपत्र मिळायचं आणि त्यावरचा क्रमांक रिटर्नमध्ये टाकायचा. मी ती जागा रिकामी सोडली, कारण प्रमाणपत्रच नव्हतं. गुडघे धरून तीन जिने चढलो, किमान दहा वेळा. दर वेळी एकच उत्तर, "काका, सीए बघतायत."

उशिराबद्दल ट्रस्टला दिवसाला २०० रुपये शुल्क आहे म्हणे. ते तुमच्या तिजोरीत. माझे २,१८४ सुद्धा तुमच्याच. म्हणजे चूक कोणाचीही असो, गल्ला एकच! आमच्या सोसायटीत असे निदान वीस जण निघतील, मोजले नाहीत, पण जिन्यात दुसरा विषय नसतो.

१ जूनला तुमच्या संगणकाला कळतं की अमुक ट्रस्टने विवरण भरलेलं नाही. मग ते पोर्टलवर ट्रस्टच्या नावापुढे का दिसत नाही? रिटर्न भरण्याआधी बघितलं असतं, तेव्हाच ट्रस्टच्या दारात ठाण मांडून बसलो असतो. विवरण न भरणाऱ्या ट्रस्टचं नाव कुठे दिसत नाही. पेन्शनरचा पॅन मात्र चोवीस तास हाताशी.

पावतीची झेरॉक्स जोडली आहे. यूपीआयचा व्यवहार क्रमांक मागच्या बाजूला लिहिलाय. ट्रस्टने उशिरा का होईना १०बीडी भरलं, तर माझा दुरुस्ती अर्ज कोणी माणूस वाचेल का, एवढंच कळवा.

आपला,
नौपाड्यातला एक पेन्शनर