आई-बाबा, आज्जीचं तिखट आता पाकिटातनं जाणार

प्रिय आई, बाबा,

फोनवर बोलायला गेलं की बाबा लगेच "बघू नंतर" म्हणून फोन आईकडं देतात आणि आई "जेवलीस काय" वर येते, म्हणून लिहायलाच बसले. शांतपणे वाचा, दुपारचा चहा घेताना वाचा, आणि पूर्ण वाचून झाल्यावरच एकमेकांकडं बघा.

नोकरी सोडलीय. बेंगळूरची रूम या महिन्यात खाली करतेय आणि आपल्या बेळगावातच उद्यमबागेत एक छोटा गाळा भाड्यानं घेतलाय, तिथं आज्जीचं तिखट करायचं आणि विकायचं. अॅडव्हान्स देऊन झालाय, एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन झालंय, पाकिटाचं प्रिंटिंगही झालंय, मराठी आणि कन्नड दोन्ही. अचानक काही केलेलं नाही, पैसे बाजूला ठेवलेत, वर्षभर पगार नसला तरी तुमच्याकडं हात पसरायची वेळ येणार नाही. बाबा, तुम्हाला वाटेल की तुमच्या आईची वस्तू मी बाजारात मांडली. तसं नाही हो. तिचं तिखट करणारी आता आईच राहिलीय, आणि आईनं मागच्या उन्हाळ्यात किती खोकून खोकून ते केलं ते तुम्हीच मला सांगितलं होतं. आईनंतर कोण करणार हा विचार डोक्यात आला आणि मग गेलाच नाही.

आई, तुला आठवतंय, दिवाळीत मी तुझ्या हाताखाली वजनकाटा ठेवला होता आणि तू म्हणालीस हे काय नवीन. तुझ्या वहीत लिहिलंय "किलो मिरचीला दहा मुठी धणे", आता मूठ म्हणजे किती हे दुसऱ्या बाईला कसं सांगायचं? म्हणून तुझी प्रत्येक मूठ मोजली. दर वेळी 22-23 ग्रॅम. न बघता, बोलता बोलता घातलेली मूठ, तरी फरक एखाद्या ग्रॅमचा. म्हणजे किलोला 230 ग्रॅम धणे, आणि तेच आता गाळ्यातल्या भिंतीवर लिहून लावलंय. आज्जीची मूठ तुझ्यापेक्षा लहान होती म्हणून ती वर एक चिमूट टाकायची असं तू म्हणालीस, ती चिमूटपण धरलीय, काळजी नको.

मिरची तीच. किलोत पाऊण किलो ब्याडगी आणि पाव किलो संकेश्वरी. ब्याडगीला 2011 साली जीआय मिळाला तेव्हापासून जो तो पाकिटावर ब्याडगी लिहितो, पण आज्जी त्यातली पण निवडायची, डब्बी घ्यायची, ती आखूड गुबगुबीत सुरकुतलेली, कड्डी नाही. डब्बीला रंग जास्त आणि तिखटपणा कमी, म्हणून आमटीवर तो लालभडक कट येतो आणि जीभ भाजत नाही. तिखटपणा संकेश्वरी देते. अस्सल संकेश्वरी आता सहज मिळत नाही, त्यामुळं जेवढी मिळेल तेवढंच तिखट करायचं असं ठरवलंय, दुसरी मिरची घालून वजन वाढवायचं नाही. बाबा, तुम्ही बाजारात मिरची कशी घ्यायचा ते मी तुमचं बोट धरून बघितलंय. तुम्ही व्यापाऱ्याशी कन्नडात बोलत बोलत पोत्याच्या मधोमध हात घालायचा, वरच्या मिरच्या कधीच घ्यायचा नाही. देठ कट्कन मोडलं पाहिजे आणि मिरची कानाशी हलवली की बी वाजलं पाहिजे. वजन वाढवायला पाणी मारलेली मिरची नुसती वाकते, आणि तीच पुढं आतनं बुरशी धरते. मी आता तसंच करते. पोत्यात हात घातला की तुम्ही शेजारी असल्यासारखं वाटतं मला.

आता आई, तुला जे आवडणार नाही ते सांगते. पाकिटात खोबरं नाही. तीळपण नाहीत.

मला माहितीय तू काय म्हणणार, खोबऱ्याशिवाय ते आपलं तिखट कसलं. पण जरा आठव, आज्जीच्या दोन बरण्या होत्या. फळीवर मागं असायची ती वर्षाची मोठी, आणि ओट्याजवळची लहान. खोबरं-तीळ भाजून लहान बरणीतच जायचं, पंधरा दिवसांचं. मोठ्या बरणीत ती खोबरं कधीच घालायची नाही, कारण सुक्या खोबऱ्यात निम्म्याहून जास्त तेल असतं आणि आपल्याकडच्या पावसात चार महिने भिंतीसुद्धा ओल धरतात, त्या हवेत ते खवट व्हायला वेळ लागत नाही. एकदा खवट वास लागला की अख्खी बरणी गेली, मग कितीही परता. दुकानातल्या शेल्फवर पाकीट किती महिने बसेल ते माझ्या हातात नाही. म्हणून मी मोठ्या बरणीचं तिखट पाकिटात भरतेय, आणि मागं लिहिलंय की आमटी करताना मूठभर खोबरं आणि चमचाभर तीळ ताजे भाजून वाटून घाला. रेसिपी बदललेली नाही गं, तिच्यातलाच निम्मा भाग लोकांनी आपापल्या घरी करायचाय.

कांद्याचं पण असंच. किलोभर कांदा वाळून जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅम उरतो, बाकी सगळं पाणी. ते पाणी आत राहिलं की तिखटाला गुठळ्या होतात आणि मग वास बदलतो. म्हणून कांदा पातळ चिरून दोन-तीन दिवस कडक उन्हात, आणि मग तेलात न तळता कोरडाच भाजायचा, हाताने चुरला तर चुरा झाला पाहिजे. वाकला तर परत उन्हात. लसूणही चकत्या करून वाळवायचा. वळवाचे ढग दिसायला लागले की त्या दिवशी वाळवण काढायचंच नाही, हे मी कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि सांगताना माझा आवाज अगदी आज्जीसारखा आला असं मलाच वाटलं.

भाजायचा क्रमसुद्धा तोच आहे. सगळे मसाले वेगवेगळे भाजायचे, कारण धण्याला वेळ लागतो आणि खसखस बघता बघता करपते. हिंग आणि हळकुंड थोड्या तेलात फुलवून घ्यायचं, दगडफूल सगळ्यात शेवटी. मिरची नुसती गरम करायची, काळा डाग पडला की सगळं कडू होतं. आणि दळायचं गिरणीत नाही, डंकावर कांडून घ्यायचं. जोरात फिरणाऱ्या गिरणीत मसाला इतका तापतो की अर्धा वास तिथंच उडून जातो. डंकावर वेळ जास्त जातो, पैसे पण जास्त जातात, तरी डंकच.

आता तुमचं. परडं, उखळ, आईचा ओटा, काही हलणार नाही. घरात एकपण पोतं येणार नाही, मिरचीची धूळ येणार नाही, दुपारच्या झोपेच्या वेळी कुणी बेल वाजवणार नाही. माझी वरची खोली होती तशीच राहू दे, मी तिथंच झोपणार, आणि सकाळी बाबांबरोबर चहा घेऊन मगच गाळ्यावर जाणार. किती वर्षं झाली आपण तिघं एकत्र सकाळचा चहा प्यायलो त्याला, सांगा बघू. शेंगदाण्याची पोळी करून ठेव गं आई, आणि मला लहानपणी द्यायचीस तशी पहिली तव्यावरची दे, तुपासकट.

पण काही गोष्टी ऐकायच्या. आई, तू डंकावर यायचं नाही. चव बघायला मी वाटीत आणून देईन, ती तू बघ, आणि तू "हां" म्हटल्याशिवाय एकपण पाकीट सील होणार नाही. पण डंकाच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, तुझी छाती तुला माहितीय. देठं काढायला बसू नको, गुडघे. बाबा, या तिखटात मीठ आहे, किलो मिरचीला 200 ग्रॅम खडे मीठ, ते तिखट टिकायला लागतंच. म्हणजे चमचाभर तिखटात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास मीठ गेलं, तेव्हा आमटीत वरून मीठ घालताना आईला सांगा कमी घाल म्हणून, आणि बीपीची गोळी सकाळचीच सकाळी, "विसरलो" चालणार नाही. बरणीत ओला चमचा कुणी घालायचा नाही. बाबा, हे तुम्हाला.

पहिल्या घाण्यातलं दोन किलो तुमच्यासाठी बाजूला काढलंय, वर हिंगाचे खडे ठेवून, चिनी मातीच्या बरणीत. ते विकायचं नाही.

आणि एक विचारायचंय. हे पत्र तुम्ही वाचून "चालेल" म्हणालात तर ते घडी घालून पहिल्या पाकिटांबरोबर द्यायचा विचार आहे, म्हणजे घेणाऱ्याला कळेल की आत काय आहे आणि काय नाही. नको म्हणालात तर नाही देणार. पण द्या म्हणा की. शेवटच्या चार ओळी त्यांच्यासाठी लिहून ठेवल्यात, त्या पण वाचून सांगा.

नमस्कार. आमच्या आज्जीचं मसाला तिखट 100 ग्रॅमच्या पाकिटात मिळतंय, आधी लहानच घ्या. घरी आणलं की पाण्याच्या ग्लासात चिमूटभर टाकून बघा, मिसळलेला रंग असला तर लाल रेघा लगेच खाली उतरतात, हे कुठल्याही तिखटाला करून बघावं, आमच्यापण. मग एकदा अख्ख्या मसुराची आमटी करा, खोबरं-तीळ ताजे भाजून घाला, दीड चमचा तिखट तेलात सोडा, तेल फार तापू देऊ नका. घरच्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला तर तुमच्या नेहमीच्या किराणा दुकानात सांगून ठेवा, नाहीतर पाकिटावरच्या नंबरवर मेसेज करा, आम्ही पाठवू. पुढचा घाणा उन्हाळ्यातच होणार, तेव्हा वर्षाचं हवं असलं तर वळवाच्या आधी कळवा.

तुमची लाडकी,
धाकटी