वरच्या आळीच्या पाण्यासाठी आवाहन: या वेळी लोखंड नको, काळा पाइप

समस्त ग्रामस्थ, मुंबई-पुण्याची मंडळी आणि माहेरवाशिणींना ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा नमस्कार.

आपल्या गावात नळ कसा आला हे नव्या पिढीला सांगायला हवे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. 1972 च्या दुष्काळात ओढ्याकाठची विहीर खोल केली ती गावातल्याच हातांनी. खडी फोडून दमलेली माणसे संध्याकाळी पुन्हा विहिरीवर उतरत असत. पुढे काही वर्षांनी टाकी झाली आणि टाकीपासून वरच्या आळीपर्यंत दोन इंची लोखंडी जीआय पाइप टाकायचे ठरले, तेव्हा लालबाग-परळच्या खोल्यांत राहणाऱ्या आपल्या गिरणी कामगारांनी दर माणशी एका दिवसाचा पगार पाठवला होता. वाड्यातल्या आक्कांनी हातातल्या पाटल्यांपैकी एक काढून दिली. तात्यांनी आपल्या बैलगाडीतून सगळे पाइप स्टँडवरून आणले आणि भाड्याचा एक पैसा घेतला नाही. त्या सगळ्यांच्या पुण्याईवर वरच्या आळीने चाळीस वर्षे पाणी प्यायले. त्यांचे नाव घेतल्याशिवाय या कामाचा नारळ फोडायचा नाही, असे समितीने ठरवले आहे.

तो पाइप आता संपला आहे. त्याच्या जागी काळा प्लास्टिकचा पाइप टाकायचे समितीने ठरवले आहे.

गेल्या महिन्यात मारुतीच्या देवळामागे चर खोदून आम्ही त्याचा हातभर तुकडा कापून काढला. तो ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर ठेवला आहे, येता-जाता जरूर बघा. बाहेरून गंजाची पापडी सुटते, पण खरे दुखणे आत आहे. आतून तांबूस-काळ्या गाठी इतक्या साठल्या आहेत की दोन इंचांच्या पाइपात माझा अंगठा जेमतेम जातो. भोक निम्मे झाले म्हणजे पाणी निम्मे झाले, असा हिशेब नसतो. तेवढ्याच दाबाने निम्म्या व्यासातून जेमतेम सहावा हिस्सा पाणी जाते, आणि आतली भिंत खडबडीत झाल्याने त्यातही तूट येते. टाकी भरलेली असते आणि वरच्या आळीतल्या बायका तिसऱ्या हंड्याला रिकाम्या हाताने परत जातात, त्याचे कारण हे आहे. पाणीवाल्याला बोल लावू नका, तो पहाटे चारला व्हॉल्व्ह उघडतो.

ग्रामसभेत आमच्या अण्णांनी विचारले, आणि बरोबर विचारले, की लोखंड चाळीस वर्षे टिकले, मग पुन्हा लोखंडच का नाही? प्लास्टिक किती दिवस पुरणार? याचे उत्तर नीट द्यायला हवे, कारण पैसे तुमचे आहेत.

जीआय म्हणजे लोखंडाच्या पाइपावर जस्ताचा मुलामा. मुलामा शाबूत आहे तोवर लोखंडाला गंज लागत नाही. पण हा पाइप सहा मीटरच्या नळ्यांत येतो आणि नळीला नळी जोडायची तर टोकाला आटे पाडावे लागतात. आटे पाडले की तिथला जस्त कापला जातो आणि पाइपाची जाडीही तिथेच सर्वांत कमी होते. म्हणजे जो भाग सर्वांत कमजोर, तोच उघडा पडतो. वर सफेदा आणि सुतळी गुंडाळून सॉकेट कितीही आवळले तरी गंजाची सुरुवात तिथूनच होते. आपल्या 1,200 मीटरच्या लाइनीत असे सुमारे 200 जोड आहेत. आजवरच्या गळत्या आठवून बघा, बहुतेक सगळ्या जोडावरच्या आहेत.

त्यात आपली जमीन. टाकीपासून देवळापर्यंत मुरूम आहे आणि पुढे काळी माती लागते. मुरमात हवा खेळते, काळी माती ओल धरून घट्ट बसते. एकच लोखंडी पाइप दोन्हींतून गेला की हवा कमी मिळणारा, काळ्या मातीतला भाग आधी झिजतो. शिवाय ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाइप वाकू शकत नाही, मग ताण येतो तो आट्यांवर. देवळापलीकडचे जोड दर वर्षी मे-जूनमध्ये का तुटतात, हे आम्हालाही खोदकाम केल्यावरच उमगले.

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे पाणी दिवसातून दीड तास सुटते. पाणी चालू असते तेव्हा फुटक्या जोडातून ते बाहेर जाते, आपण म्हणतो थोडी गळती आहे. पण व्हॉल्व्ह बंद झाला आणि लाइन उतारावरून रिकामी होऊ लागली की आत ओढ बसते, आणि त्याच भोकातून बाहेरचे पाणी पाइपात शिरते. वरच्या आळीत लाइन गटाराला लागून गेली आहे. दुसऱ्या दिवशी पहिल्या दोन-तीन घागरी गढूळ येतात त्या याच कारणाने. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्या एकाच आळीत जुलाबाची साथ आली, टाकीतल्या पाण्यात क्लोरीन असूनही आली. त्या आठवड्यात सलाइनच्या बाटल्या धरून बसलेली मुले मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

काळ्या प्लास्टिकच्या, म्हणजे एचडीपीई पाइपाचा खरा फायदा इथे आहे. तो गंजत नाही हे सगळे जाणतात, पण जोड किती कमी लागतात ते बघा. 63 मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेला हा पाइप 100 मीटरच्या वेटोळ्यात मिळतो. जुन्या दोन इंची पाइपाइतकेच पाणी वाहून नेतो. 1,200 मीटरला 12 वेटोळी, म्हणजे सरळ लाइनीत 11 जोड. 200 च्या जागी 11! आणि ते जोडही आट्यांचे नाहीत. दोन्ही टोके काटकोनात कापून, यंत्रात तासून, तव्यासारख्या तापलेल्या पट्टीला टेकवायची. सुमारे 210 अंशांवर कडा वितळून वर बारीक वळी उठते, मग पट्टी काढून टोके एकमेकांवर दाबून धरायची आणि आपोआप गार होऊ द्यायची. जोड पाइपाइतकाच मजबूत होतो. गारव्यासाठी पाणी ओतले, टोकांना धूळ-ओल राहिली किंवा वळी एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला नाहीच असे झाले, तर तो जोड कापून पुन्हा करायचा. आमचे दोन सदस्य प्रत्येक जोडाजवळ उभे राहणार आहेत.

काळी माती हलली तर हा पाइप तिच्याबरोबर थोडा वाकतो. वजनाचे म्हणाल तर दोन इंची मध्यम जीआय मीटरला पाच किलो भरतो, सगळी लाइन सहा टन. काळा पाइप मीटरला पाऊण किलोच्या आत. लोखंड किलोवर विकले जाते, त्यामुळे निव्वळ पाइपाच्याच खर्चात मोठा फरक पडतो. टाकीची उंची आणि गावाचा उतार धरून आपल्या लाइनीवर दाब फार तर अडीच किलोचा येतो, म्हणून सहा किलो दाबाचा पाइप पुरेसा आहे. विहिरीवरून पंपाने चढणारी लाइन वेगळी, तिथे पंप बंद होताना धक्का बसतो आणि जास्त दाबाचा पाइप लागतो. ते काम यात नाही.

या पाइपाचे दोषही सांगतो. उघड्यावर तो नको: ऊन, वणवा, गुरांचे पाय. म्हणून ओढ्यावरचा तुकडा आणि जमिनीवर येणारे नळाचे उभे पाइप जीआयचेच राहतील. चरात टोकदार दगड राहिला तर तो वर्षानुवर्षे एकाच जागी रुतत जातो, म्हणून तीन फूट खोल चर, तळाला आणि पाइपावर चाळलेली माती. ऊन-थंडीने हा पाइप बराच आखडतो. दुपारी तापलेला पाइप ताणून टाकला तर रात्रीतून 100 मीटरमागे फूटभर आखडू शकतो, म्हणून तो चरात नागमोडी सोडायचा आणि शेवटचे जोड सकाळच्या गारव्यात करायचे. आणि हात जोडून एक विनंती: तापल्या सळईने भोक पाडून परस्पर नळ घेऊ नका. त्या एका भोकाने सगळी मेहनत वाया जाते. प्रत्येक घराला सॅडल लावून समितीच जोडणी देईल.

पाइप घेताना त्यावर आयएसआय शिक्का, IS 4984, व्यास, दाब आणि निळ्या रेघा बघूनच घेऊ. शेतीसाठी मिळणारा जुन्या प्लास्टिकचा स्वस्त पाइप कोणी फुकट दिला तरी पिण्याच्या पाण्याला घेणार नाही. माती लोटण्याआधी लाइन पाण्याने भरून, हवा काढून, कामाच्या दीडपट दाबावर तपासणार. हा पाइप सुरुवातीला किंचित ताणतो आणि काटा थोडा खाली येतो, तेव्हा पुन्हा दाब भरून मगच गळती ठरवायची. बघायला या.

आता थोडे मनातले. या विषयावर बोलावलेल्या मागच्या सभेला अकरा माणसे आली. त्याआधीच्या वर्षी पावती पुस्तक घेऊन आम्ही फिरलो, तेव्हा काही दारे उघडलीच नाहीत, काहींनी "पुढच्या महिन्यात" म्हटले, तो महिना अजून आलेला नाही. खालच्या आळीला पाणी पुरते, म्हणून हा वरच्यांचा प्रश्न असे काहींना वाटते. पाटली देणाऱ्या आक्का खालच्या आळीत राहत होत्या, एवढेच लिहितो.

मुंबईकर मंडळाने यंदाही सर्वांत आधी शब्द दिला आहे. शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी जोडांच्या यंत्राचे भाडे उचलले आहे. तरुण मंडळाची मुले चरातले दगड वेचायला येणार आहेत. सर्वांचे मनापासून आभार.

एकूण खर्च अंदाजे 4 लाख रुपये, पैकी दीड लाख ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून देते, अडीच लाख लोकवर्गणी. दर घरटी किमान 1,000 रुपये, ज्यांना जमत नाही त्यांनी दोन दिवस श्रमदान. रोख रक्कम ग्रामपंचायत कार्यालयात सकाळी 10 ते 12, पावती घेतल्याशिवाय देऊ नये. बाहेरगावच्यांनी समितीच्या बँक खात्यावर पाठवावी, खाते क्रमांक कार्यालयातून किंवा मुंबईकर मंडळाकडून मिळेल. काम पावसाआधी संपवायचे आहे, काळ्या मातीत ओल झाली की चर ढासळतो, म्हणून वर्गणी येत्या अमावास्येच्या आत. खोदकाम सुरू झाल्यावर चार दिवस वरच्या आळीला टँकर. नवी लाइन ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने 24 तास भरून ठेवून मग धुणार, त्या दिवशीचे पाणी पिऊ नये. लाइनीचा नकाशा कार्यालयात लावू, कारण पुरलेला काळा पाइप कोणत्याही यंत्राला सहज सापडत नाही, आणि जेसीबीवाल्याला तर मुळीच नाही.

आपला,
सचिव, ग्राम पाणीपुरवठा व स्वच्छता समिती