आजीचा पहिला निरोप

तीर्थरूप आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

रविवारी आपल्या ग्रुपवर आजीचे तीन निरोप आले, ते असे:

६.४२ – शउभ सकाळ
६.४७ – शउभ सकाळ
६.५५ – शउभ सकाळ

त्याखाली ७.३५ ला बाबांचे उत्तर होते: ‘आई, एकच निरोप तीनदा कशाला?’ त्यानंतर दोन दिवस आजीने फोन हातात घेतला नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

तयार चित्र पुढे पाठवणे सोपे होते, पण ‘दुसऱ्याचे अक्षर माझ्या नावावर कशाला?’ असे म्हणून तिने स्वतःच लिहायचे ठरवले. ‘सुप्रभात’मधला ‘प्र’ जुळेना, तेव्हा जोडाक्षर नसलेले ‘शुभ सकाळ’ तिने निवडले. तिथेही ‘श’ला उकार द्यायचा, तर तिने ‘उ’चीच कळ दाबली. तिच्या फोनवर स्वर ‘उ’ आणि ‘ु’ ही खूण यांच्या कळा वेगळ्या आहेत, आणि पाटीवर मुळाक्षरे गिरवलेल्या माणसाला अक्षराशिवाय लोंबकळणारा उकार ओळखू येऊ नये, यात मला तिची काहीच चूक वाटत नाही.

निरोप तीनदा जाण्याचे कारण निराळे होते. निरोप पोचला की दोन खुणा दिसतात, हे मीच तिला शिकवले होते. पण ग्रुपवर दुसरी खूण सगळ्यांच्या फोनवर निरोप उतरल्यावरच उमटते, हे सांगायचे माझ्याकडून राहिले. बाबा, तुमचा फोन रात्री बंद असतो. बाकी सर्वांना निरोप मिळूनही तिला एकच खूण दिसत राहिली, आणि पत्र पोचले नाही असे समजून तिने ते पुन्हा लिहिले. प्रत्येक वेळी एकेक अक्षर शोधून, पाच-आठ मिनिटे खर्चून.

मंगळवारी मी निरोपावर बोट दाबून धरून त्याची ‘माहिती’ उघडून दाखवली. तिथे कोणाला पोचला आणि कोणी वाचला, ती नावे दिसतात. ती यादी तिने चष्मा पुसून दोनदा वाचली. जुने तीन निरोप काढून टाकू का, असे विचारले तर नको म्हणाली. मग आज:

६.३८ – शुभ सकाळ
६.५१ – बाळ उठला की सांग

दुसरा निरोप बाबांसाठी आहे, आई; ‘बाळ’ म्हणजे बाबाच. बाबांच्या नावापुढे पोचल्याची वेळ दिसेपर्यंत ती फोन खाली ठेवत नाही. बाबा, फोन रात्री खुशाल बंद ठेवा. मात्र सकाळी सुरू केल्यावर आधी तिला दोन शब्द लिहा, आणि ते मोठ्या अक्षरांत दिसावेत म्हणून काही करू नका, ती व्यवस्था मी तिच्या फोनवर केली आहे.

तुमची लेक