सूचना : पार्सल 'डिलिव्हर्ड' दिसतंय, पण हातात आलं नाही तर

सभासदांनो, असं झालं तर आधी ऑर्डर उघडून डिलिव्हरीचा पुरावा बघा: वेळ, कोणी घेतलं त्याचं नाव, दारातला फोटो. गेल्या आठवड्यात माझं पार्सल दुपारी 2:10 ला पोहोचल्याचं दिसत होतं. फोटो मोठा करून पाहिला, तर दाराला निळी जाळी होती. आमच्या दाराला जाळीच नाही! खालच्या मजल्यावर विचारलं, तिथेच ठेवलेलं सापडलं.

घरच्यांना, शेजाऱ्यांना, वॉचमनला विचारूनही मिळालं नाही, तर त्याच दिवशी ॲपमधून लेखी तक्रार करा. कधीकधी डिलिव्हरीवाले आधीच नोंद करून पार्सल दुसऱ्या दिवशी आणतात, त्यामुळे कंपनी थोडं थांबायला सांगेल. थांबा, पण तक्रार नोंदवूनच. तक्रारीची मुदत उलटली की पैसे परत मिळणं अवघड होतं. फोटोचा स्क्रीनशॉट आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. विक्रेत्याने हात वर केले आणि पैसे कार्डाने भरले असतील, तर हेच पुरावे देऊन बँकेकडे चार्जबॅक मागा, म्हणजे तो व्यवहार उलटवून पैसे परत करायला सांगा.

आणि कळकळीची विनंती: पार्सल हातात आल्याशिवाय ओटीपी सांगू नका. ओटीपी दिला की तुम्हाला ते मिळालं असंच धरलं जातं. 'पार्सल सोडवायला' लिंक पाठवणाऱ्यालाही काही देऊ नका.