सूचना : ब्रॉडबँड बदलण्यापूर्वी

सर्व सभासदांना नमस्कार. बी विंगमधील काही जण कंपनी बदलणार आहेत. येत्या रविवारी सकाळी ११ वाजता पार्किंगमध्ये भेटू. तोपर्यंत कोणीही वर्षभराचे पैसे आगाऊ भरू नयेत.

येताना प्रत्येकाने आपल्या घरचा वेग मोजून आणावा. दुपारी नव्हे, रात्री ९ ते १० दरम्यान, तीन दिवस. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, बाकी मोबाइल-टीव्ही बंद ठेवा. मग वायफायवर पुन्हा मोजा.

माझंच सांगतो. प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण केबलवर ९४ च्या पुढे आकडा जाईना. कंपनीला दोष देत होतो. निघालं असं की जुन्या राउटरचं पोर्टच १०० चं! कंपनी बदलूनही तोच राउटर ठेवला असता तर काही फरक पडला नसता. केबलवर वेग बरोबर आणि आतल्या खोलीत वायफाय कमी, तर दोष बहुधा भिंतींचा. दोन्हीकडे फक्त रात्रीच घसरत असेल, तर मात्र कंपनीकडे बोट दाखवा.

शेजाऱ्यांना “नेट कसं आहे?” एवढंच विचारू नका. लाइन तुटल्यावर माणूस किती तासांनी आला, ते विचारा. पाइपलाइन रोडवरचा अनुभव आपल्या इमारतीला लागू होईलच असं नाही. लाइन ज्या बॉक्समधून येते, तो तिथे वेगळा असतो.

करारात पाहा :
- दरात १८% जीएसटी धरला आहे का
- मध्येच सोडल्यास उरलेले पैसे आणि राउटरची अनामत परत मिळते का
- किती डेटानंतर वेग कमी होतो

नवी लाइन चालू होईपर्यंत जुनी तोडू नका.

– सचिव